कुष्ठरोगाचा जंतू आणि कॉखचे निकष

प्रश्न: कुष्ठरोगाचा जंतू अजून प्रयोगशाळेत वाढवता आलेला नाही म्हणतात. मग तो कॉखच्या निकषांत बसतो का? नसेल, तर याच जंतूमुळे रोग होतो हे कशावरून?

सगळ्या निकषांत बसत नाही. एखाद्या जंतूमुळेच रोग होतो हे ठरवायला जर्मन जंतुशास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांच्या नावाने ओळखले जाणारे हे निकष चार आहेत: जंतू प्रत्येक रुग्णात सापडावा आणि निरोगी माणसात नसावा, तो वेगळा काढून शुद्ध स्वरूपात वाढवता यावा, तो टोचल्यावर निरोगी प्राण्याला तोच रोग व्हावा, आणि त्या प्राण्यातून तोच जंतू परत मिळावा.

पहिल्यातला 'निरोगी माणसात नसावा' हा भाग तर खुद्द कॉख यांनाच सोडावा लागला. १८८४ मध्ये कोलकात्यात त्यांनी कॉलऱ्याचा जंतू वेगळा काढला, पण पुढे ठणठणीत माणसांच्या विष्ठेतही तो सापडू लागला. कुष्ठरोगातही रुग्णाच्या घरातल्या निरोगी माणसांच्या नाकात या जंतूचा डीएनए आढळतो. बहुतेकांची प्रतिकारशक्ती त्याला रोखते. त्यामुळे नुसते 'जंतू आहे' एवढ्यावर रोगाचे निदान होत नाही.

खरी अडचण दुसऱ्या निकषाची. डॉक्टर हॅन्सन यांनी १८७३ मध्ये नॉर्वेत हा जंतू पाहिला, पण कृत्रिम माध्यमावर तो आजवर वाढलेला नाही. त्याची बरीच जनुके निकामी झाली आहेत, म्हणून तो यजमान पेशींवर अवलंबून राहतो. शिवाय दुप्पट व्हायला त्याला साधारण दोन आठवडे लागतात.

यातून १९६० मध्ये अमेरिकी संशोधक शेपर्ड यांनी वाट काढली. रुग्णाच्या त्वचेतून काढलेले ५,००० ते १०,००० जंतू उंदराच्या मागच्या पायाच्या तळव्यात टोचायचे. तळवा थंड असतो आणि या जंतूला थंडावा मानवतो. सहा-आठ महिन्यांनी तळव्यातले जंतू मोजले, तर ते सुमारे १० लाखांपर्यंत गेलेले असतात. तिथे उंदराची प्रतिकारशक्ती वाढ थांबवते. म्हणून सुरुवातीलाच १० लाख टोचले तर वाढ दिसतच नाही, आणि जंतू मेलेले होते असा चुकीचा निष्कर्ष निघतो. सोबत उष्णतेने मारलेले जंतू टोचलेला एक गट ठेवावा. त्यांची संख्या वाढता कामा नये.

मात्र साध्या उंदरात वाढ तळव्यापुरतीच राहते, माणसासारखा रोग होत नाही. ती उणीव १९७१ मध्ये भरून निघाली. शरीराचे तापमान कमी असलेल्या नऊपट्टी आर्माडिलो या कवचधारी प्राण्याला जंतू टोचल्यावर अंगभर पसरणारा कुष्ठरोग झाला, आणि त्याच्या ऊतींमधून जंतू मुबलक मिळाले. तिसरा आणि चौथा निकष असा हाती आला. तरी टोचलेला नमुना रुग्णाच्या ऊतीतला होता, शुद्ध वाढवलेला नव्हता, हा आक्षेप उरतोच.

त्यावर आज इतर पुराव्यांचा आधार घेतात: जंतू नेमका बाधित नसा आणि त्वचेत असणे, रोग जिथे जास्त तिथे त्याचे प्रमाण जास्त असणे, आणि औषधांनी रोग आटोक्यात येताना जंतूही घटत जाणे. यात एक काळजी घ्यावी लागते. मेलेल्या जंतूचा डीएनए ऊतीत बराच काळ टिकतो, त्यामुळे उपचारानंतर डीएनए शोधणारी पीसीआर चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून उपचार फसले असे म्हणता येत नाही. जंतू जिवंत आहे का हे ठरवायला, जंतू मेल्यावर लवकर नष्ट होणारा त्याचा आरएनए शोधावा लागतो, नाहीतर पुन्हा उंदराच्या तळव्याकडेच वळावे लागते.