जबड्याच्या कडेच्या गाठी आणि ‘नॉर्मल’ आलेले रिपोर्ट

प्रश्न: वय ३१. शाळा-कॉलेजात कधी पिंपल्स आले नाहीत, पण दीड वर्षापासून जबड्याच्या कडेला आणि हनुवटीखाली दुखऱ्या गाठी येतात. दुपारपर्यंत चेहरा तेलकट होतो. हार्मोन्सचे रिपोर्ट नॉर्मल आले. कुणी म्हणतं टेन्शन, कुणी म्हणतं मेकअप. नेमकं कारण कसं ओळखायचं?

उत्तर:

आपल्याकडे या आजाराला ‘तारुण्यपीटिका’ असं नाव पडलंय आणि त्या नावानेच बराच घोटाळा केलाय. तिशीतल्या बाया माझ्याकडे येतात त्या जवळजवळ लाजतच, जणू या वयात मुरुमं येणं म्हणजे काहीतरी चुकलंय. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे. तुम्ही सांगितलेलं चित्र, म्हणजे चेहऱ्याचा खालचा तिसरा भाग, खोल आणि दुखरी गाठ, वरून तोंड न दिसणारी, हे मोठ्या वयातल्या बायकांमध्ये अगदी नेहमी दिसतं.

आधी रिपोर्टबद्दल सांगते, कारण तिथेच बहुतेक जणी अडकतात. रक्तात पुरुषी समजले जाणारे हार्मोन्स (ते प्रत्येक बाईच्या शरीरात थोडे असतातच) किती आहेत, एवढंच ती तपासणी सांगते. पण त्वचेतली तेलग्रंथी आलेलं टेस्टोस्टेरॉन जागच्या जागी जास्त जोरकस रूपात बदलते आणि त्याला प्रतिसाद देते. हा प्रतिसाद काहींच्या ग्रंथींचा मुळातच तीव्र असतो. बोलणाऱ्याचा आवाज नेहमीचाच, पण ऐकणाऱ्याचे कान तिखट, असं समजा. त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल असूनही कारण हार्मोनचं असू शकतं, आणि जबड्याच्या गाठींमध्ये बहुतेकदा तसंच असतं. फक्त रक्त दिलं त्या वेळी तुम्ही गर्भनिरोधक गोळ्या घेत होतात का, ते आठवा. गोळ्या चालू असताना केलेल्या तपासणीवर भरवसा ठेवता येत नाही. आणि पाळी ३५ दिवसांच्या पुढे जात असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील किंवा डोक्यावरचे विरळ होत असतील, तर रिपोर्ट काहीही म्हणो, पीसीओएससाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवाच.

आता ओळखायचं कसं? मी सगळ्यांना एक काम देते: तीन महिने कॅलेंडरवर दोनच गोष्टी लिहायच्या, नवी गाठ आल्याची तारीख आणि पाळीची तारीख.

एका बँकेत काम करणारी ३३ वर्षांची पेशंट एप्रिलमध्ये आली. मार्चअखेरच्या ताणामुळेच हे झालंय, याबद्दल तिला काडीचीही शंका नव्हती. मी तारखा लिहायला लावल्या. जुलैपर्यंत दिसलं ते असं: दर महिन्याला पाळीच्या आठवडाभर आधी दोन-तीन गाठी, त्याच जागी, मे असो वा जून. म्हणजे मूळ हार्मोनमध्ये होतं. पाळीच्या आधी इस्ट्रोजेन उतरतं, पुरुषी हार्मोन्सचा परिणाम तुलनेने वरचढ होतो आणि तेलाच्या नळीभोवतीची सूज वाढते.

मग मार्चचं काय? तिला नीट विचारलं तर मार्चमध्ये गाठी जास्त आल्या नव्हत्या, त्या बऱ्या होत नव्हत्या. ताणात मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथीही थोडे पुरुषी हार्मोन्स सोडतात आणि तेलग्रंथी ताणाच्या संदेशांना थेट दाद देतात, हे खरं. पण तिच्या बाबतीत मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. रात्री उशिरापर्यंत आकडे जुळवताना तिचा डावा हात सतत जबड्यावर असायचा. नखाने खरवडलेल्या खपल्या डावीकडेच जास्त होत्या. एकाच बाजूला खपल्या आणि काळे डाग दिसले की मी आधी हाताची सवय विचारते.

तिच्या गालांवर आणखी एक गोष्ट होती: बारीक, त्वचेच्याच रंगाचे, न दुखणारे, एकसारखे दाणे. प्रकाश तिरका पडला तरच दिसणारे. हे हार्मोनचं काम वाटत नाही. सौंदर्यप्रसाधनं किंवा तेल नळ्यांची तोंडं बुजवतात तेव्हा असे दाणे येतात. विचारलं तर ती फाउंडेशन काढायला खोबरेल वापरायची आणि नंतर कापसाने पुसून झोपायची. चेहरा तेलकट वाटतो म्हणून दिवसातून पाच वेळा फेसवॉश, आणि रात्री मात्र तेल तसंच! खोबरेल बंद केलं, दोन वेळा साध्या फेसवॉशने धुणं ठेवलं, तर दोनेक महिन्यांत दाणे ओसरले. गाठी मात्र तशाच येत राहिल्या. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या फरकात आहे. बारीक दाणे असतील तर बाटल्यांकडे बघा, खोल गाठी असतील तर कॅलेंडरकडे. बाटलीवर ‘नॉन-कॉमेडोजेनिक’, म्हणजे नळ्यांची तोंडं न बुजवणारं, असं लिहिलंय म्हणून निर्धास्त होऊ नका, त्या शब्दामागे सर्वांनी मानलेली एक ठरावीक चाचणी नाही. एखाद्या वस्तूवर संशय असेल तर ती एकटीच सहा-आठ आठवडे बंद ठेवून बघा. सगळं एकदम बंद केलंत तर काहीच कळणार नाही.

एक मात्र कळकळीने सांगते. मेडिकलमधून कुणी सुचवलेली गोरेपणाची किंवा डाग घालवणारी मिश्र क्रीम लावत असाल, तर ट्यूबवर मोमेटासोन, क्लोबेटासोल, बीटामेथासोन यांपैकी नाव आहे का पाहा. ही स्टेरॉइड्स आहेत. पहिले काही आठवडे चेहरा झक्क दिसतो, मग त्यांच्यामुळेच मुरुमं येतात, आणि बंद केलं की भडकतात. सापडलं तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवून सोडवा.

उपचारात सुरुवात साधी असते: रात्री कोरड्या चेहऱ्यावर ०.१ टक्का अ‍ॅडापॅलिन, मटाराच्या दाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्याला, आधी एक दिवसाआड. फक्त गाठीवर टिंब लावून उपयोग नाही, कारण पुढची गाठ जिथे तयार होतेय ती जागा अजून दिसत नसते. पहिल्या आठवड्यांत कातडी सुटते, जळजळ होते, आणि इथेच बहुतेक जणी सोडून देतात. १२ आठवडे द्यावे लागतात. सकाळी २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड चालतं, पण रंगीत टॉवेल आणि उशीचे अभ्रे त्याने पांढरे पडतात.

त्यावर दर महिन्याच्या गाठी थांबल्या नाहीत, तर स्पायरोनोलॅक्टोन नावाची गोळी असते. ती मूळची लघवी वाढवणारी, पण पुरुषी हार्मोनचा ग्रंथीवरचा परिणाम अडवते. डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय ती घेऊ नका. तिने पाळी पुढेमागे होऊ शकते, परिणाम दिसायला तीन महिने लागतात आणि गरोदरपणात ती अजिबात चालत नाही. मूल हवं असेल तर पहिल्याच भेटीत सांगा, अ‍ॅडापॅलिनही मग टाळतात आणि अ‍ॅझेलेइक अ‍ॅसिडवर भागवता येतं.

माझ्या त्या पेशंटला गोळी लागली. पुढच्या मार्चअखेरीस ती आली तेव्हा पाळीच्या आधी एखादी बारीक गाठ येत होती, चार दिवसांत बसत होती. डावीकडचे काळे डाग मात्र अजून पूर्ण गेले नव्हते. ते डाग म्हणजे आजार नाही, भरलेल्या जखमेचा रंग आहे. त्यावर सनस्क्रीन लावून काही महिने वाट पाहायची, क्रीमवर क्रीम चोपडायची नाही.