नेहमी साधं बोलणाऱ्या मावशीचा मेसेज अचानक शुद्ध, औपचारिक मराठीत आला, तर तो कोणी लिहिला असेल?

प्रश्न: माझी मावशी व्हॉट्सॲपवर नेहमी इंग्रजी अक्षरांत 'काय रे, जेवलास का' एवढंच लिहिते. आज तिच्या नंबरवरून आलं: 'नमस्कार. आपण कुशल असाल अशी आशा करतो. एका तातडीच्या कारणामुळे मला ३५,००० रुपयांची आवश्यकता आहे. उद्या सायंकाळपर्यंत परत करतो.' हे तिनंच लिहिलंय, दुसऱ्या कोणी, की एआयनं?

उत्तर: आधी पैसे पाठवू नका. मावशीच्या नंबरवर साधा फोन लावा, व्हॉट्सॲप कॉल नको. खातं दुसऱ्याच्या हातात असेल तर व्हॉट्सॲप कॉल त्याच्याकडेच वाजेल. साधा फोनही लागत नसेल किंवा भलत्यानंच उचलला, तर काकांना नाहीतर शेजाऱ्यांना फोन करा. फसवणाऱ्यांनी कधीकधी आधीच माणसाकडून कॉल फॉरवर्डिंग चालू करून घेतलेलं असतं.

आता मेसेजकडे बघू. मावशी तुम्हाला 'आपण' म्हणते आहे आणि 'आशा करते'ऐवजी 'आशा करतो' लिहिते आहे. लिहिणाऱ्याला तुमचं नातं माहीत नाही आणि मावशी बाई आहे याचंही भान नाही. मात्र एवढ्यावरून चोर ठरत नाही. मावशीनं स्वतः एआयला 'पैशासाठी नीट मेसेज लिहून दे' असं सांगितलं असतं, तरी हीच चूक होऊ शकली असती, कारण सांगणारी बाई आहे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. उसने पैसे मागताना माणूस संकोचतो आणि अशा वेळी हल्ली कितीतरी लोक मजकूर लिहून घेतात. घरातल्या मुलानं टाइप करून दिलेलं असू शकतं. भाषेवरून फार तर एवढं कळतं की शब्द मावशीचे नाहीत. ते पाठवले कोणी, हे त्यावरून कळत नाही.

मजकूर एआय ओळखणाऱ्या वेबसाइटवर टाकून बघू नका. इतक्या छोट्या मजकुरावर त्या भरवशाच्या नसतात. ओपनएआयनं स्वतःचं असं साधन २०२३च्या जुलैत अचूकता कमी म्हणून बंद केलं होतं. शिवाय ते एआयनं लिहिलंय असं कळलं, तरी तुमचा प्रश्न सुटत नाही.

खातं पळवलं गेलं असेल तर भाषा का बदलते, हे समजून घेण्यासारखं आहे. नेहमीचा प्रकार असा: मावशीला ओळखीच्याच कुणाच्या नंबरवरून मेसेज येतो, 'चुकून तुझ्या नंबरवर ६ आकडी कोड गेलाय, पाठव ना.' तो नंबर आधीच पळवलेला असतो. मावशी कोड देते, समोरचा तिच्या नंबरनं आपल्या फोनवर व्हॉट्सॲप सुरू करतो आणि मावशीचं बंद पडतं. जुन्या गप्पा तिच्या फोनमध्ये किंवा बॅकअपमध्ये असतात, त्या आपोआप त्याच्याकडे जात नाहीत. ग्रुप आणि नंबर दिसतात, पण ती तुम्हाला 'अरे' म्हणते हे त्याला कुठून कळणार? म्हणून तो सगळ्यांना चालेल असा गुळगुळीत मजकूर पाठवतो. अशा वेळी चॅटमध्ये 'सिक्युरिटी कोड बदलला' अशी ओळ दिसू शकते. ती सूचना तुमच्या सेटिंगमध्ये चालू असावी लागते, आणि मावशीनं नुसता फोन बदलला तरी ती ओळ येते.

मला जास्त भीती दुसऱ्या प्रकाराची वाटते. मावशीच्या फोनला क्यूआर कोडनं दुसरा कॉम्प्युटर जोडला, तर तिचं व्हॉट्सॲप चालूच राहतं आणि अलीकडच्या गप्पाही त्या कॉम्प्युटरवर उतरतात. तिथला चोर 'काय रे, जेवलास का'पासूनच सुरुवात करेल. त्यामुळे नेहमीच्या भाषेत पैसे मागितले, तरी फोन हा करायचाच. फोनवरही, कधी चॅटमध्ये न आलेलं काहीतरी विचारा, कारण आवाजाचीही नक्कल होते.

फोनवर मावशी म्हणाली, 'हो रे, मीच मागितले', तर विषय संपला. 'मी कुठे काय पाठवलं?' म्हणाली, तर तिला लगेच व्हॉट्सॲप पुन्हा आपल्या नंबरनं सुरू करायला सांगा. एसएमएसनं आलेला नवा कोड तिनं टाकला की समोरचा बाहेर पडतो. त्यानं तिथे स्वतःचा पिन लावून ठेवला असेल तर तिला ७ दिवस थांबावं लागेल, पण तोपर्यंत तोही आत नसतो. व्हॉट्सॲप बंद पडलंच नसेल, तर 'लिंक्ड डिव्हाइसेस' उघडून अनोळखी नाव काढून टाकायचं. फोनवर *#21# डायल केलं की सगळेच कॉल दुसरीकडे वळवलेत का ते दिसतं, ##002# नं सगळं वळवणं बंद होतं.

तोवर तुम्ही घरच्या ग्रुपवर लिहा. पण मावशी त्या ग्रुपमध्ये असेल तर चोरही तो वाचतोय, म्हणून तिला वगळून नवा ग्रुप करा, नाहीतर एकेकाला फोन करा. कोणी पैसे पाठवून बसलं असेल तर वेळ न घालवता १९३० वर फोन आणि cybercrime.gov.in वर तक्रार. पैसे पुढच्या खात्यांत वळते होण्याआधी तक्रार पोचली, तरच ते गोठवले जाण्याची शक्यता राहते.