'लो-हँगिंग फ्रूट'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न: परळच्या एका पतपेढीच्या वसुली कर्मचाऱ्यांसाठी आमच्या इंग्रजी डेकचं मराठी करतोय. 'लो-हँगिंग फ्रूट' या स्लाइडला 'खाली लटकणारी फळे' लिहिलं तर सगळे हसले. नेमका शब्द कोणता? शिवाय मराठी मजकूर चौकटीत मावतच नाही, फॉन्ट किती लहान करू?

फळं सोडून द्या. त्या स्लाइडवर सांगायचंय एवढंच की ज्यांचा एखादाच हप्ता चुकलाय, त्यांच्याकडून पैसे लवकर येतात. वर्षानुवर्षं थकलेल्या बड्या कर्जदारामागे धावण्याआधी त्यांना गाठा. यासाठी मराठीत तयार म्हण आहे: हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये. वसुलीवाल्यांना 'पळता' कोण हे वेगळं सांगावं लागत नाही. पण अख्खी म्हण शीर्षकात कोंबू नका, ती बोलणाऱ्याच्या तोंडी द्या आणि स्लाइडवर फक्त 'आधी हातचं' लिहा.

'सहजसाध्य वसुली' चुकीचं नाही, पण ते परिपत्रकातलं वाटतं. 'आयती वसुली' मात्र मुळीच नको. आयतं म्हणजे दुसऱ्याने रांधलेलं. दारोदार फिरणाऱ्या माणसाला त्याचं काम आयतं म्हटलंत, तर पुढच्या स्लाइडपर्यंत तो तुमचं ऐकणार नाही. 'आधी हातचं' वाचून हिशेबातला 'हातचा एक' कुणाला आठवेल, तर आठवू दे.

आता न मावण्याचं. मजकुराचा आकार कमी करण्याआधी वाक्य बघा. माझा अंदाज, तुमच्याकडे काहीसं असं असेल: '३० दिवसांपेक्षा कमी कालावधीसाठी थकीत असलेल्या खात्यांना वेळेवर फोन करून प्राधान्य देण्यात यावे.' यात 'कालावधीसाठी', 'असलेल्या' आणि 'देण्यात यावे' इंग्रजीच्या ओझ्याने आलेत. समोरचा माणूस सहकाऱ्याला सांगताना म्हणेल, '३० दिवसांच्या आतला हप्ता थकला, की आधी फोन.' तेच लिहा. विभक्ती शब्दाला चिकटते, त्यामुळे मराठी शब्द लांबतात आणि अरुंद चौकटीत ओळ भलत्या ठिकाणी तुटते. शब्द तोडून जमत नाही, वाक्यच लहान करावं लागतं.

तरीही उंचीचा प्रश्न राहतोच. इंग्रजी अक्षराच्या मानाने देवनागरीला वर-खाली जास्त जागा लागते: वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि जोडाक्षरांचे पाय. पॉवरपॉइंटमध्ये `Shrink text on overflow` चालू असेल तर मजकूर वाढला की पॉवरपॉइंट गुपचूप अक्षरं लहान करतो आणि ओळींमधलं अंतरही कमी करतो. मग वरच्या ओळीतल्या 'पूर्ण'चा ऊकार खालच्या 'कर्ज'च्या रफारावर टेकतो. मी एकदा अशाच स्लाइडवर 'खातं' हे 'खात' म्हणून वाचलं गेलेलं पाहिलंय, अनुस्वार वरच्या ओळीत हरवला होता. म्हणून `Do not Autofit` निवडा आणि ओळींचं अंतर `Multiple` करून 1.1 ते 1.2 ठेवा. `Exactly` नको, त्यात अंतर ठरावीक राहतं आणि मात्रांना जागाच उरत नाही. एवढं करून मजकूर मावला नाही, तर एका स्लाइडच्या दोन करा. शेवटच्या रांगेतून दिसेनासा मजकूर एका स्लाइडवर बसवून काय मिळणार?

मूळ डेकची शीर्षकं कॅपिटलमध्ये, अक्षरं पसरून लिहिलेली असतील, तर तेही तपासा. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की आपली शिरोरेषा तुटते आणि 'वसुली' हा शब्द 'व सु ली' असा तीन तुकड्यांत दिसतो. `Character Spacing` पुन्हा `Normal` करा. कॅपिटलचा ठसठशीतपणा ठळक टायपाने किंवा रंगाने आणा, देवनागरीत मोठी अक्षरं नाहीतच.

राहता राहिले पारिभाषिक शब्द. इथे शुद्धीच्या मागे लागू नका. पतपेढीत 'ओव्हरड्यू'ला थकबाकी, 'गॅरंटर'ला जामीनदार म्हणतात, ते बिनधास्त घ्या. 'एनपीए' मात्र एनपीएच. त्यातल्या 'अ‍ॅसेट्स'ला अनुवादक हमखास 'मालमत्ता' लिहितो. सहकारी संस्थांच्या अहवालात ताळेबंदाचं सदर 'जिंदगी व येणे' असं असतं, आणि 'अनुत्पादक जिंदगी' हा शब्दही तिथे सर्रास छापलेला दिसतो. बाहेरच्याला तो एखाद्या हिंदी गाण्यातला वाटेल, पण ही जिंदगी म्हणजे मालमत्ताच. डेक त्याच ताळेबंदावर बोलणार असेल, तर त्या पतपेढीचा मागच्या वर्षीचा अहवाल मागवून घ्या आणि त्यातलेच शब्द वापरा. नाहीतर स्लाइडवर 'मालमत्ता', हातातल्या अहवालात 'जिंदगी', आणि हे दोन आकडे वेगळे का, असा प्रश्न पहिल्याच रांगेतून येईल.