कावीळ, एचआयव्ही आणि पॉलिसीतली ‘वगळलेले आजार’ ही ओळ

सोलापुरात अक्कलकोट रोडला माझे यंत्रमाग आहेत. रक्तदान शिबिरानंतर रक्तपेढीनं बोलावून हिपॅटायटिस बी असल्याचं सांगितलं. त्रास काहीच नाही. आरोग्य विमा घ्यायचाय. एजंट म्हणतो, फॉर्मवर लिहू नका, हा आजार कायमचा वगळतील.

लिहाच. एजंटाचं कमिशन पहिल्या हप्त्यावर मिळतं, दावा मात्र तुम्हाला करायचा आहे.

लपवलं तर काय होतं ते बघा. दुसऱ्या वर्षी अपेंडिक्सचं ऑपरेशन निघालं. ऑपरेशनआधी बहुतेक दवाखान्यांत हिपॅटायटिस बीसाठी एचबीएसएजी, हिपॅटायटिस सीसाठी एचसीव्ही आणि एचआयव्ही तपासतात. तुम्ही डॉक्टरांना खरं सांगता, केसपेपरवर ‘हिपॅटायटिस बी, एक वर्षापासून’ असं लिहिलं जातं आणि तो कागद कंपनीकडे जातो. अपेंडिक्सचा यकृताशी संबंध नसला तरी फॉर्मवर माहिती दडवली म्हणून दावा नाकारला जाऊ शकतो, पॉलिसीही रद्द होऊ शकते. सलग 60 महिने पॉलिसी चालल्यावर कंपनीला हे उकरता येत नाही. पण सिद्ध झालेली फसवणूक त्याला अपवाद आहे, आणि माहीत असून लपवणं त्याच्या फार जवळ जातं.

लिहिलंत तर कंपनी नकार देऊ शकते, जास्त हप्ता मागू शकते, जास्तीत जास्त तीन वर्षांचा प्रतीक्षा काळ लावू शकते, म्हणजे तोवर या आजाराचा खर्च मिळत नाही, किंवा तुमच्या संमतीनं हा आजार कायमचा वगळू शकते. विमा नियामकानं 2019 मध्ये अशा कायम वगळता येणाऱ्या आजारांची यादी घालून दिली. तिच्यात हिपॅटायटिस बी, यकृताचे जुनाट आजार आणि एचआयव्ही आहेत. पण त्या आजारांपुढे कोड दिलेले असतात आणि वगळणूक तेवढ्यापुरतीच असते. तुम्हाला डेंग्यू झाला, बायपास लागली, मागात हात सापडला, तर तो खर्च मिळायला हवा. संमतीपत्रावर सही करण्याआधी तिथं नेमकं कोणतं नाव आणि कोड आहे ते वाचा. ‘यकृताचे सर्व आजार’ असं मोघम असेल तर दुरुस्त करून मागा.

कंपनीला भीती कशाची, तर हा विषाणू असलेल्या बऱ्याच जणांना आयुष्यभर काही होत नाही, पण काहींना वर्षांनी सिरोसिस किंवा यकृताचा कर्करोग होतो. नुसत्या एचबीएसएजीवरून तुम्ही यातले कोण ते कळत नाही. म्हणून फॉर्मसोबत रक्तातला विषाणू मोजणारी एचबीव्ही डीएनए, यकृताची सूज दाखवणारी एसजीपीटी आणि सोनोग्राफी यांचे ताजे रिपोर्ट जोडा आणि वगळणुकीऐवजी प्रतीक्षा काळ मागा. दोन-तीन कंपन्यांना विचारा. सगळ्यांचा हिशोब सारखा नसतो.

पत्नीची पॉलिसी दोन वर्षांपूर्वीची आहे. गरोदरपणातल्या तपासणीत आता हिपॅटायटिस बी निघालं. कंपनी म्हणते, हा आजार जुनाच असणार.

विषाणू जुना असेलही, लहानपणापासूनचासुद्धा. पण ‘आधीपासूनचा आजार’ ठरतो तो पॉलिसीपूर्वीच्या 36 महिन्यांत डॉक्टरनं केलेल्या निदानावरून किंवा उपचारावरून. असं निदान झालंच नसेल तर ‘असणार’ हे कारण पुरत नाही. पॉलिसी घेतानाचा फॉर्म, त्यानंतरचा पहिला रिपोर्ट आणि त्यावरची तारीख जपा. कंपनीकडे लेखी तक्रार करा. महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जा. सोलापूर त्यांच्याच कक्षेत येतं. तिथं वकील लागत नाही.

मला हिपॅटायटिस सी होता, औषधांनी बरा झाला. तरी कंपनी नाही म्हणते.

बहुधा त्यांनी चुकीचा रिपोर्ट पाहिलाय. अँटी-एचसीव्ही ही चाचणी विषाणू नाही, त्याविरुद्ध शरीरानं तयार केलेली प्रतिपिंडं शोधते, म्हणून बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं पॉझिटिव्हच येते. उपचार संपल्यानंतर 12 आठवड्यांनी किंवा पुढे केलेला ‘एचसीव्ही आरएनए आढळला नाही’ हा रिपोर्ट द्या. बरं होण्याआधीच यकृताला सिरोसिस झाला असेल तर मात्र तो वेगळा आजार आहे, कंपनी तो धरेल.

आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी. मुलाला कावीळ झाली तर तीही वगळतात का?

नाही. पाण्यातून येणारी कावीळ म्हणजे हिपॅटायटिस ए किंवा ई, सहसा काही आठवड्यांत उतरणारी. नव्या पॉलिसीचे पहिले 30 दिवस सोडले तर भरतीचा खर्च नेहमीसारखा मिळतो. डिस्चार्ज कार्डवर नुसतं ‘हिपॅटायटिस’ नको, ए की ई ते लिहून घ्या. निम्मे वाद त्या एका अक्षरामुळे होतात.

भावाला एचआयव्ही आहे, सिव्हिलमधून गोळ्या चालू आहेत. त्याला पॉलिसी मिळेल?

मिळू शकते. 2017 च्या एचआयव्ही कायद्यानुसार विमाशास्त्राच्या अभ्यासाचा आधार नसताना विमा नाकारणं हा भेदभाव ठरतो. 2023 मध्ये नियामकानं आरोग्य विमा विकणाऱ्या कंपन्यांना एचआयव्हीग्रस्तांसाठी पॉलिसी ठेवायला सांगितलं. नमुना पॉलिसीत रक्कम 4 किंवा 5 लाख आहे. एजंट ती आपणहून दाखवत नाहीत, नाव घेऊन मागावी लागते. सही करण्याआधी सीडी4 या प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या संख्येची अट आणि को-पे, म्हणजे बिलातला तुमचा वाटा, बघा. को-पे 20 टक्के असेल तर लाखाच्या बिलात वीस हजार खिशातून जातील. एचआयव्हीवरच्या रोजच्या एआरटीच्या गोळ्या या पॉलिसीतून मिळतील असं धरून चालू नका. त्या सरकारी केंद्रात मोफत आहेत, तिथलं कार्ड सोडू नका.