चार्जशीटमध्ये नसलेला कागद

प्रिय ज्युनिअर,

परवा फोर्टातल्या झेरॉक्सवाल्याकडे तू घाईघाईत विचारलंस, "मॅडम, अपील जिंकलो तर भरपाई किती मिळेल?" तेव्हा तुझ्या हातात पेपरबुकाचे तीन खंड होते आणि मला कोर्टात पोचायचं होतं, म्हणून उत्तर राहिलं. आता नीट लिहिते.

कायद्यात ठरलेली रक्कम नाही. निर्दोष माणसाने तुरुंगात काढलेल्या वर्षांसाठी भरपाई हक्काने मागता येईल असा कायदाच आपल्याकडे नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 399 उघडून बघ. विनाकारण अटक करवणाऱ्याकडून जास्तीत जास्त 1,000 रुपये मिळू शकतात. विधी आयोगाने ऑगस्ट 2018 मध्ये 277 वा अहवाल देऊन खास न्यायालयं आणि भरपाईची तरतूद सुचवली, पण तीही द्वेषाने किंवा अप्रामाणिकपणे चालवलेल्या खटल्यांपुरतीच, आणि त्याचा कायदा झालेला नाही. त्यामुळे जे मिळतं ते जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचा, म्हणजे घटनेच्या कलम 21 चा, भंग झाला म्हणून, न्यायालयाच्या मर्जीने. ती मर्जी कशावर हलते, हे तुला कळायला हवं.

त्यासाठी 5 मार्च 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल वाच, आपल्याच राज्यातला. 2003 सालच्या जूनमध्ये एका झोपडीवर दरोडा पडला. पाच माणसं मारली गेली, बलात्कार झाले. जखमी झालेली आई वाचली. भटक्या जमातीतले सहा मजूर पकडले गेले. नाशिकच्या सत्र न्यायालयाने 2006 मध्ये सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. 2007 मध्ये उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम ठेवली आणि तिघांची जन्मठेप केली. 2009 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी सुनावली. त्यातला एक गुन्ह्याच्या वेळी अल्पवयीन होता, हे पुढे सिद्ध झालं.

तिन्ही पायऱ्या संपल्या होत्या. आपल्याकडे संपलेला खटला पुन्हा उघडणारं वेगळं मंडळ नाही, तू अमेरिकेतल्या निर्दोष कैद्यांना सोडवणाऱ्या प्रकल्पांबद्दल वाचतेस तसं डीएनए दाखवून थेट मागे जाता येईल असं दारही नाही. मुख्यतः फेरविचार याचिकेची फट असते. 2014 मध्ये घटनापीठाने फाशीच्या प्रकरणांतली फेरविचार याचिका उघड न्यायालयात, किमान तीन न्यायमूर्तींसमोर ऐकावी असं ठरवल्यामुळे ती फट थोडी रुंद झाली होती. ऑक्टोबर 2018 मध्ये न्यायालयाने आपलाच 2009 चा निकाल मागे घेतला आणि अपिलं नव्याने ऐकायला घेतली. न्यायमूर्ती सिकरी, नझीर आणि शाह यांच्या पीठाने सहाही जणांची सुटका केली.

सुटका कशाने झाली? वाचलेल्या आईला पोलिसांनी सुरुवातीलाच गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला होता आणि तिने त्यातून चार माणसं ओळखली होती. ती चारही माणसं या सहांपैकी नव्हती. विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोर तिचा जबाबही झाला होता. सरकार पक्षाने तो पुढे आणलाच नाही आणि त्या चौघांचा तपासही केला नाही. नंतर ओळख परेडमध्ये आणि कोर्टात तिने या सहांकडे बोट दाखवलं आणि खटला त्यावर उभा राहिला. गरीब, भटक्या मजुरांना खोटं गोवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही, असं पीठाने सरळ लिहिलं. त्या चौघांबद्दल पुढचा तपास करायला सांगितलं आणि चुकार अधिकाऱ्यांवर खात्यामार्फत कारवाईचा आदेश दिला.

आणि याच निकालात, वेगळी याचिका न लागता, राज्याने प्रत्येकाला पुनर्वसनासाठी 5 लाख रुपये चार आठवड्यांत द्यावेत, असा आदेश आला. सोळा वर्षांचे पाच लाख म्हणजे दिवसाला पंच्याऐंशी रुपये. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या बिगाऱ्याला सांगून बघ, हसेल.

आता दुसरी बाजू. गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरावरच्या हल्ल्याच्या प्रकरणात 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपासावर कडक ताशेरे ओढून सहा जणांना सोडलं. त्यांच्यातले काही जण नंतर भरपाईसाठी वेगळी याचिका घेऊन गेले, तेव्हा 2016 मध्ये ती ऐकली गेली नाही, असा पायंडा घातक ठरेल म्हणून. माझ्या मते शिकायचं ते इथे: भरपाईची मागणी अपिलाच्याच प्रार्थनेत, सुटकेच्या मागणीला जोडून लिही. ज्या पीठाने पुरावा वाचला आहे, त्याच पीठाला राग आलेला असतो. दोन वर्षांनी दुसऱ्या पीठापुढे गेलीस की तो राग कागदात वाळून गेलेला असतो. हमी नाही, पण मी तरी असंच करते.

मी स्वतः एकदा उलट केलं. गोवंडीच्या एका रिक्षावाल्याचं अपील जिंकले, निकालात "संशयाचा फायदा" एवढेच शब्द आले, आणि मी खुशीत पेढे वाटले. वर्षभराने भरपाईची याचिका घेऊन गेले तर न्यायमूर्तींनी विचारलं, "पोलिसांनी काही लपवलं, असं कुठल्या निकालात लिहिलंय?" कुठेच नव्हतं. ते लिहून घेणं माझं काम होतं आणि अपिलाच्या युक्तिवादात मी ते केलं नव्हतं.

म्हणून तुझ्या प्रकरणात आधी शोध घे तो पुढे न आलेल्या कागदाचा. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फौजदारी खटल्यांसाठी नियम घालून दिले. त्यात सरकार पक्षाने ज्यांचा आधार घेतलेला नाही, अशा जबाबांची, दस्तऐवजांची आणि मुद्देमालाचीही यादी आरोपीला द्यायची आहे. जुन्या खटल्यांत ही यादी बहुधा नसतेच. मग मागणीचा अर्ज कर. तपास अधिकाऱ्याच्या उलटतपासणीत "त्या दिवशी आणखी कोणाचा जबाब घेतला?" यावर काय उत्तर आहे ते बघ. ओळख परेड किती दिवसांनी झाली आणि त्याआधी साक्षीदाराला काही फोटो दाखवले का, हे पंचनाम्याच्या तारखा स्टेशन डायरीशेजारी ठेवल्या की दिसतं. तारखांचा एक साधा तक्ता कर, रात्री लोकलमध्ये बसूनही होईल.

एक गोष्ट घरच्यांना आत्ताच सांग, नंतर ते तुझ्यावर चिडतील. सुटका म्हणजे शेवट नसतो. जुलै 2025 मध्ये आपल्या उच्च न्यायालयाने 2006 च्या लोकल स्फोटांच्या खटल्यातल्या बाराही जणांना निर्दोष सोडलं. त्यातला एक जण 2021 मध्येच तुरुंगात वारला होता. तीन दिवसांत सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली, ती एवढ्यापुरतीच की हा निकाल इतर खटल्यांत पायंडा म्हणून वापरता येणार नाही. सुटलेले बाहेर राहिले, पण अपील उभं राहिलं. राज्याचं अपील डोक्यावर असताना भरपाईचं बोलणं फार जड जातं.

आणि कधी आदेश आलाच, तर त्याआधी अशिलाचं बँक खातं तपास. आधार यायच्या आधी आत गेलेल्या माणसाकडे बऱ्याचदा काहीच ओळखपत्र नसतं, आणि पूर्ण केवायसी नसलेल्या छोट्या खात्यात 50,000 च्या वर शिल्लक ठेवता येत नाही. तुरुंगातल्या मुलाखतीला जाशील तेव्हा त्याचा फोटो आणि त्याचा अंगठा उठवायचा खात्याचा अर्ज घेऊन जा. बुधवारी मी चेंबरमध्ये आहे, तारखांचा तक्ता घेऊन ये.

तुझी सिनिअर