संत्र्याला नुसतं ऑरेंज म्हणू नकोस

नागपूर

अनेक आशीर्वाद.

रॉटरडॅमच्या आयातदाराला पाठवायच्या ईमेलचा तुझा मसुदा वाचला. मूळ मराठी प्रस्ताव ठसठशीत आहे, पण इंग्रजीतून मराठीच ऐकू येते.

पहिलंच वाक्य बघ: 'वुई आर हॅविंग अवर ओन गार्डन सिन्स थर्टी इयर्स.' आपण संत्र्याची बाग म्हणतो, म्हणून तू गार्डन लिहिलंस. त्याच्या डोळ्यांपुढे घरामागची हिरवळ अन् फुलझाडं येतील. फळझाडांची ती ऑर्चर्ड. 'वुई हॅव ग्रोन मँडरिन्स इन अवर ओन ऑर्चर्ड फॉर थर्टी इयर्स' एवढं पुरे.

मँडरिन का, ते सांगतो, कारण खरी मेख इथेच आहे. आपलं संत्रं ढिल्या सालीचं, हाताने सोलायचं. तिकडे ऑरेंज म्हटलं की घट्ट सालीचं, आपल्या मोसंबीच्या जवळचं फळ समोर येतं. तू नुसतं ऑरेंज लिहिलंस, तर तो दुसऱ्याच फळाचा हिशोब करून भाव विचारेल आणि घोटाळा फोटो पाहिल्यावर कळेल. भौगोलिक मानांकन मात्र 'नागपूर ऑरेंज' याच नावाने आहे, तेव्हा ते नाव सोडूही नकोस. एकदाच लिही: 'नागपूर ऑरेंज, अ लूज-स्किन्ड मँडरिन'. युरोपातले व्यापारी अशा फळाला ईझी पीलर म्हणतात, आणि त्यात बी नको असते. आपल्या संत्र्यात बिया असतात, हे आधीच सांग. नंतर कळलं तर पुढचं पत्रच येणार नाही.

संत्र्याच्या 'आंबिया बहार' चं तू 'मँगो ब्लॉसम' केलंस! वाचून हसलो, राग आला नाही. आपल्या कळमन्याच्या बाजारात हा शब्द सगळं सांगतो, रॉटरडॅमला काहीच नाही. त्याला फळ कधी मिळेल एवढंच हवं, म्हणून 'ऑक्टोबर टु डिसेंबर' लिही.

शेवट तू 'काइंडली गिव्ह अस अ चान्स टु सर्व्ह यू' असा केलास. मराठीत 'सेवेची संधी द्यावी' ही नम्रता आहे. इंग्रजीत विनवणी वाटते, आणि नेमकं काय करायचं हे त्याला कळत नाही. त्याऐवजी विचार: 'मे आय सेंड यू फोटोज अँड अ प्राइस पर किलो?' हा प्रश्न तळाशी ठेवू नकोस. आजोबांनी बाग कशी लावली, ते सगळं त्याच्या खाली, दोन ओळींत.

दुबईचा खरेदीदार भारतीय असला तर 'लाख' चालतो, आधीची विचारपूसही चालते. रॉटरडॅमला मात्र आकडा किलो किंवा टनांत दे, आणि तारखेत महिना अक्षरांत लिही.

पाठवण्याआधी प्रत्येक इंग्रजी वाक्य परत मराठीत आण. तुझ्या मूळ वाक्यावर शब्दाला शब्द बसलं, तर ते अजून इंग्रजी झालेलं नाही. दुसरा मसुदा रविवारपर्यंत पाठव.

तुझा काका