खो-खोच्या तासाला लक्ष न टिकणारी मुलं: सूचना, भूमिका आणि मधली वीस सेकंदं

प्रश्न: सहावीचा वर्ग आहे, ४५ मुलं, ३५ मिनिटांची तासिका. दोघांना एडीएचडी असल्याचं पालकांनी सांगितलं आहे. खो-खो घेतला की ते सूचना चालू असतानाच पळतात, बसले तर खो मिळण्याआधीच उठतात, आणि खेळ बदलताना हमखास ढकलाढकली होते. बाहेर बसवलं तर तास शांत होतो, पण ते पटत नाही. काय करावं?

उत्तर:

आधी मैदानावरची मुलं मोजा. पूर्ण खो-खोत एका वेळी आठ जण बसलेले, एक पाठलाग करणारा आणि पळणारे तीन. पळणाऱ्या संघातले उरलेले सहा जण आपल्या तुकडीची वाट बघत बाहेर. म्हणजे ४५ पैकी १८ मुलं खेळात, त्यातली चारच धावतायत, आणि २७ जण कडेला. ज्या मुलाला थांबणंच सगळ्यात अवघड जातं, त्याच्या वाट्याला आपण जवळजवळ थांबण्याचाच तास देतो. म्हणून पहिला बदल मुलात करायचा नाही, आखणीत करायचा.

फक्कीने पाच छोटी मैदानं आखा. प्रत्येकात एका ओळीत पाच चौकोन, दोन-दोन मीटरवर, आणि ओळीच्या दोन्ही टोकांना खांबाऐवजी प्लास्टिकचे शंकू. दोन मैदानांच्या मध्ये मोकळी पट्टी ठेवा, नाहीतर पळणारी मुलं एकमेकांवर आदळतील. प्रत्येक मैदानावर नऊ मुलं: पाच बसलेली, एक पाठलागावर, दोन पळणारी, एक पंच. आता एका वेळी पंधरा मुलं धावतात आणि कडेला कोणीच उरत नाही. पकडला गेलेला बाहेर जात नाही. टोकाच्या शंकूला हात लावून परत खेळात येतो, आणि पंच डब्यात एक खडा टाकतो. बाद झालेल्याला बसवण्याची पद्धत इथे उलटी पडते, कारण बहुतेक वेळा आधी बाद होणारं मूल तेच असतं आणि तेच सर्वांत जास्त वेळ बसतं.

भूमिका बदलण्यासाठी नऊ जणांची तीन त्रिकुटं करा: लाल, पिवळं, निळं. मनगटाला रंगीत रिबीन बांधा. ‘तू कुठल्या गटात?’ हा प्रश्न मग उरत नाही. प्रत्येक डाव ९० सेकंदांचा. एक त्रिकूट सुटं असतं, त्यातले दोघे पळतात, एक पंच. बाकीची सहा जण पाठलागाची. तीन डावांत तिन्ही त्रिकुटं सुटी होऊन जातात. पहिल्या फेरीत प्रत्येक त्रिकुटातला तीन नंबरचा पंच, दुसऱ्या फेरीत दोन नंबरचा, तिसऱ्या फेरीत एक नंबरचा. नऊ डावांचे साडेतेरा मिनिटं आणि मधल्या आठ बदलांचे वीस-वीस सेकंद धरून सगळं सव्वासोळा मिनिटांत बसतं. तुमच्या त्या दोन मुलांना वेगवेगळ्या मैदानांवर दोन नंबर द्या. पंचाचं काम एकदा पाहून झाल्यावर त्यांची पाळी येते. त्यांना कायमचं शिट्टीवाला किंवा साहित्यवाला करू नका. ते मानाने बाहेर बसवणंच आहे.

आता सूचना. एका वेळी तीनच गोष्टी सांगायच्या: कधी, कुठे, काय. आणि ‘कधी’ सर्वांत आधी. ‘शंकूला हात लावून परत यायचं, पण शिट्टी वाजल्यावर’ असं म्हटलं की ‘शंकू’ ऐकूनच ती दोघं निघालेली असतात. ती उद्धट नसतात, वाक्याचा पहिला भाग त्यांना पुरेसा वाटलेला असतो. ‘शिट्टी वाजली की, शंकूला हात लावून, आपल्या चौकोनात’ असं म्हणा. सूचना देताना उन्हाकडे तोंड तुमचं असू द्या, मुलांचं नको. ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे ‘हो’ म्हणतात. दुसऱ्या कुणाला तरी करून दाखवायला सांगा, मग या मुलाला. दर वेळी त्याच्यापासूनच सुरुवात केली तर वर्ग आपोआप त्याच्याकडे बघायला शिकतो.

खो मिळण्याआधी उठणं ही खास याच खेळातली अडचण. शेजारच्याला मिळालेला ‘खो’ कानावर पडतो आणि शरीर उठतं. यावर उपाय नियमातच आहे: मागून पाठीला हात आणि ‘खो’ हा शब्द, दोन्ही मिळाल्याशिवाय उठायचं नाही. खेळाआधी सहा मिनिटं फक्त एवढंच घ्या. जोडीतला मागचा कधी नुसता ‘खो’ म्हणतो, कधी नुसता हात लावतो, कधी दोन्ही करतो; पुढच्याने फक्त दोन्ही मिळाल्यावर उठायचं. दहा वेळा झालं की जागा बदला. हात सपाट तळव्याचा, धक्का नाही. काही मुलांना पाठीवर अचानक स्पर्श सहन होत नाही, त्यांना आधी विचारून खांद्यावर ठेवा. खेळात या मुलाला मधला, तिसरा चौकोन द्या. टोकाच्या चौकोनात तोंड फिरलेलं असताना खेळ लांब जातो आणि लक्ष मैदानाबाहेर.

ढकलाढकली मात्र खेळात होत नसते, ती दोन डावांच्या मध्ये होते. ‘चला, बदला’ एवढंच म्हटलं की त्या अर्ध्या मिनिटात कुणाला काही काम नसतं. म्हणून बदलालाच काम द्या. शिट्टी वाजली की सुटं त्रिकूट आपल्या बाजूच्या शंकूला हात लावून रिकाम्या जागा घेतं, पुढचं त्रिकूट लंगडी घालत दुसऱ्या टोकाला जातं, आणि मावळता पंच मोठ्याने वीसपासून उलटे आकडे म्हणतो. उरलेलं त्रिकूटही त्याच्याबरोबर मोजतं. दोन मैदानांमध्ये मात्र शर्यत लावू नका. ‘आधी कोण’ म्हटलं की लंगडी सोडून पळापळ सुरू होते. स्पर्धा आकड्यांशी असावी: शून्याच्या आत सगळे जागेवर.

पाण्यालाही हेच लागू. ४५ मुलं एका नळावर सोडू नका. बाटल्या प्रत्येक मैदानाच्या टोकाला ठेवा.

शेवटचे बदल हळूहळू उतरते हवेत. नवव्या डावानंतर लंगडी नाही. चालत, मग पुढच्याच्या पावलावर पाऊल ठेवत, मग बसून दहा खोल श्वास. धावण्यावरून थेट वर्गात पाठवलं तर पुढच्या तासाच्या बाईंना तुमची तासिका निस्तरावी लागते.

जमतंय का हे ओळखायला दोन गोष्टी वहीत टिपा: शिट्टीपासून पुढचा डाव सुरू होईपर्यंत किती सेकंद लागले, आणि तासात त्या मुलाचं नाव तुम्ही किती वेळा घेतलं. वेळ अर्ध्या मिनिटावर गेला तर बहुधा सूचना लांबली आहे किंवा चौकोन कमी आखलेत. वेळ ठीक आहे पण नाव पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं, तर त्याचा चौकोन किंवा शेजारी बदलून पाहा. पहिल्या तासाला नऊ डाव होणार नाहीत, सहा झाले तरी चालतील. त्या दिवशी मधले बदल बसवण्यावरच वेळ द्या.

एक मर्यादा. मूल खेळ सोडून फाटकाकडे किंवा रस्त्याकडे धावत असेल तर यातलं काहीही एकट्या शिक्षकाला पुरणार नाही. तिथे मैदानावर दुसरी मोठी व्यक्ती हवी, आणि फाटक बंद.